देणगीची पावती लिहितानाच ठरतं ट्रस्टच्या पैशाचं भवितव्य

१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा, म्हणजे आयकर अधिनियम २०२५, लागू झाला आहे. त्याच सुमारास अनेक जुन्या ट्रस्टच्या नोंदणीची पाच वर्षांची मुदतही संपली. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत वडोदऱ्यात मराठी मंडळींचे कितीतरी छोटे ट्रस्ट आहेत. कोणी विद्यार्थ्यांना मदत करतं, कोणी औषधोपचाराला, कोणी वाचनालय चालवतं. तिथले खजिनदार बहुधा बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख आणि मनाने प्रामाणिक असतात. तरीही सीएकडून कराचा आकडा आला की ते गोंधळतात. ‘एक पैसा कोणी खाल्लेला नाही, मग कर कसला?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवं.

त्यासाठी एका छोट्या ट्रस्टचं २०२५-२६ हे एक वर्ष घेऊ. ट्रस्ट आणि त्याचे आकडे उदाहरणासाठी तयार केले आहेत, पण घडणाऱ्या गोष्टी नेहमीच्याच आहेत. या वर्षाला जुना, १९६१ चा कायदाच लागू होतो, म्हणून फॉर्मची नावं आणि कलमं जुनीच वापरली आहेत. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, ट्रस्टला ‘नोंदणीकृत ना-नफा संस्था’ असं नाव मिळालं, पण ८५ टक्के खर्चाची अट, कायम निधी आणि ठरावीक ठिकाणीच गुंतवणूक ही चौकट तशीच आहे.

तीन प्रकारचे पैसे

आजी नातवाच्या हातात पैसे ठेवते तेव्हा कधी म्हणते, ‘घे, खर्चाला असू दे.’ कधी म्हणते, ‘याची सायकल घे.’ आणि कधी म्हणते, ‘हे बँकेत ठेव, मोडू नकोस, व्याज वापर.’ नोटा त्याच असल्या तरी तिन्ही वेळा नातवाचा हक्क वेगळा असतो. ट्रस्टकडे येणाऱ्या देणग्याही अगदी याच तीन जातीच्या असतात.

पहिली सर्वसाधारण देणगी. ती ट्रस्टच्या कुठल्याही उद्देशासाठी वापरता येते. दुसरी विशिष्ट कामासाठी दिलेली, म्हणजे निर्देशित देणगी. ती त्याच कामावर खर्च करायची असते. तिसरी कायम निधीसाठी दिलेली. हिलाच सगळे कॉर्पस म्हणतात. यातली मुद्दल जपायची आणि उत्पन्न वापरायचं.

आपल्या उदाहरणातल्या ट्रस्टला वर्षभरात सर्वसाधारण देणग्या मिळाल्या ४,२०,००० रुपयांच्या. दहावीच्या मुलांच्या संध्याकाळच्या मोफत वर्गांसाठी एका कुटुंबाने दिले २,००,०००. आणि एका निवृत्त प्राध्यापकांनी पत्नीच्या नावाने कायम निधीसाठी दिले ५,००,०००. जुन्या ठेवींवर व्याज आलं १,३०,०००.

‘स्मरणार्थ’ लिहिलं म्हणजे कायम निधी झाला का?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

आपल्याकडच्या पावतीवर ‘कै. सौ. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी ओळ हमखास असते. खजिनदार ती वाचून रक्कम कायम निधीत टाकतात, ताळेबंदात निधी वाढतो, आणि ती रक्कम उत्पन्नात धरली जात नाही. पण ती ओळ देणगी कोणाच्या आठवणीत दिली एवढंच सांगते. मुद्दल राखून ठेवा, असं ती सांगत नाही. कायद्याला हवा असतो देणगीदाराचा स्पष्ट निर्देश, की ही रक्कम ट्रस्टच्या कायम निधीचा भाग व्हावी. तसा निर्देश नसेल तर ती रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न ठरते, आणि पुढची ८५ टक्क्यांची सगळी अट तिला लागू होते.

निर्देश देणगीदाराचा असावा लागतो, ट्रस्टींचा नव्हे. पैसे आल्यावर सभेत ठराव करून सर्वसाधारण देणगी कायम निधीत वळवली, तर तो ट्रस्टचा अंतर्गत निर्णय झाला. आयकराच्या दृष्टीने देणगी उत्पन्नच राहते. मार्चअखेरीला सीएने विचारल्यावर देणगीदाराकडून मागची तारीख टाकून पत्र घेणं तर उघड खोटेपणाच आहे.

करायचं काम साधं आहे. चेक घेतानाच अर्ध्या पानाचं पत्र घ्यावं: ‘सोबतची ५,००,००० रुपयांची रक्कम मी ट्रस्टच्या कायम निधीसाठी देत आहे. मुद्दल कायम राखून तिच्या उत्पन्नातून गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावी.’ खाली सही, तारीख, पत्ता आणि पॅन. मग पावतीवर ‘देणगीचा प्रकार’ या रकान्यात ‘कायम निधी’ असं लिहावं. ‘स्मरणार्थ’ची ओळ त्याखाली खुशाल राहू द्या. देणगीदाराच्या भावनेची ती जागा आहे आणि ती पावतीवर असायलाच हवी.

पावती पुस्तक नव्याने छापताना हा रकाना घालून घ्या. सर्वसाधारण, विशिष्ट कामासाठी आणि कायम निधी अशा तीन चौकटी, त्यातल्या एकीवर खूण. विशिष्ट काम असेल तर त्याचं नाव लिहायला एक ओळ. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन, रोख की चेक की ऑनलाइन, व्यवहाराचा क्रमांक, ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि पॅन, हे तर हवंच. पावत्यांवर छापील अनुक्रमांक असले पाहिजेत आणि रद्द झालेली पावती दोन्ही प्रतींसह पुस्तकातच राहिली पाहिजे. आयकर नियम १७एए प्रमाणे पावतीची ट्रस्टकडे राहणारी स्थळप्रत जपणं आता करसवलतीच्या अटींचाच भाग आहे, आणि संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून दहा वर्षं हे सगळे कागद ठेवायचे असतात. खजिनदार बदलला, घर बदललं, की पावती पुस्तकं माळ्यावर जातात आणि तिथून रद्दीत. म्हणून ती कोणाच्या घरी न ठेवता ट्रस्टच्या नोंदणीकृत पत्त्यावर ठेवावीत.

वहीत उत्पन्न वेगळं, कराला उत्पन्न वेगळं

आता या तीन देणग्या हिशेबात कुठे बसतात ते पाहू.

प्राध्यापकांचे ५,००,००० थेट ताळेबंदात जातात. एका बाजूला ‘कायम निधी’, दुसऱ्या बाजूला त्याच रकमेची मुदत ठेव. उत्पन्न-खर्च पत्रकाला त्यांचा स्पर्शही होत नाही. सर्वसाधारण देणग्या आणि व्याज सरळ उत्पन्नात येतात.

मधली, वर्गांसाठीची २,००,००० रुपयांची देणगी मात्र दोन ठिकाणी दोन रूपांत दिसते. चांगल्या हिशेबपद्धतीत ती आल्यावर ‘संध्याकाळचे वर्ग निधी’ या खात्यात जमा करतात, कारण ते काम होईपर्यंत ट्रस्टवर जबाबदारी असते. वर्षभरात शिक्षकांच्या मानधनावर आणि वह्यांवर १,४०,००० खर्च झाले, की तेवढेच निधीतून काढून उत्पन्नात घेतात. उरलेले ६०,००० ताळेबंदात निधी म्हणून पुढच्या वर्षात जातात. यामुळे ट्रस्टींना एका नजरेत कळतं की बँकेत दिसणाऱ्या रकमेतले ६०,००० आपले नाहीत, वर्गांचे आहेत.

म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रकात उत्पन्न दिसेल ४,२०,००० अधिक १,३०,००० अधिक १,४०,०००, एकूण ६,९०,०००.

आयकर मात्र असं पाहत नाही. कायम निधीचा स्पष्ट निर्देश नसलेली देणगी ज्या वर्षी आली त्या वर्षीचं उत्पन्न, मग ती कुठल्याही कामासाठी असो. म्हणून करासाठी पूर्ण २,००,००० धरायचे, आणि उत्पन्न होतं ७,५०,०००. दोन्ही आकडे बरोबर आहेत. ६०,००० चा फरक का आला हे सांगणारा एक कागद सीएकडून करून घ्यावा आणि ताळेबंदाला जोडून ठेवावा. चार वर्षांनी नोटीस आली तर उत्तर द्यायला तेव्हाचे खजिनदार नसतील, पण तो कागद असेल.

सरकारी किंवा मोठ्या कंपनीचं अनुदान, जे न वापरल्यास परत करायची लेखी अट असते, ते यात वेगळं पडू शकतं. तिथे ट्रस्ट दुसऱ्याचा पैसा सांभाळणारा असतो. असा करार असेल तर सीएला तो मुळातून वाचायला द्यावा.

व्याजाबद्दल एक छोटी गोष्ट. पासबुकात ट्रस्टला १,१७,००० दिसतील, कारण बँकेने दहा टक्के टीडीएस कापला. पासबुकावरून लिहिणारे १,१७,००० च उत्पन्न धरतात. खरं उत्पन्न १,३०,००० आहे, आणि कापलेले १३,००० हे परत मागायचं येणं. फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा, उघडून दोन्ही आकडे ताडून पाहिले की हे लगेच सापडतं.

८५ टक्क्यांची अट नेमकी काय आहे?

ट्रस्टला करसवलत मिळते ती पैसा लोकांच्या कामी लावण्यासाठी. म्हणून कलम ११ सांगतं की वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच वर्षी उद्देशांवर खर्च करा. उरलेले १५ टक्के काहीही कारण न देता शिल्लक ठेवता येतात.

आपल्या ट्रस्टचं उत्पन्न ७,५०,०००. त्याचे ८५ टक्के ६,३७,५००, आणि मोकळे १५ टक्के १,१२,५००.

खर्च असा झाला: शिष्यवृत्त्या ३,६०,०००, वर्ग १,४०,०००, जागेचं भाडं, कारकुनाचं मानधन आणि किरकोळ मिळून ४८,०००, बक्षीस समारंभाचा मंडप आणि छपाई २२,०००, ऑडिट फी १५,०००. एकूण ५,८५,०००.

आता यातलं सगळंच ‘उद्देशावर खर्च’ म्हणून मोजलं जात नाही. मंडपवाल्याला २२,००० रोख दिले होते. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली तर तो खर्च ८५ टक्क्यांत धरला जात नाही. तीन पावत्या केल्या तरी उपयोग नाही, कारण त्या दिवसाची बेरीज पाहतात. खर्च खरा झाला, मंडप उभा राहिला, मुलांना बक्षिसं मिळाली, आणि तरी करासाठी ते २२,००० वाया गेले. तेच पैसे चेकने किंवा ऑनलाइन दिले असते तर पूर्ण मोजले गेले असते.

ऑडिट फीचे १५,००० वहीत खर्च म्हणून लिहिले, पण ३१ मार्चपर्यंत दिले नव्हते. ट्रस्टसाठी नियम असा की खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष चुकता होतो त्याच वर्षी मोजायचा. तो २०२६-२७ मध्ये मोजला जाईल, म्हणजे वाया गेला नाही, एक वर्ष पुढे गेला.

मोजण्यासारखा खर्च उरला ५,४८,०००. हवे होते ६,३७,५००. तूट ८९,५००.

‘पैसे बँकेतच तर आहेत, कोणी नेलेत का?’

ट्रस्टींचा हा युक्तिवाद मनाला पटतो. पण सवलतीची अट प्रामाणिकपणाची नसून वेळेत वापर करण्याची आहे. १५ टक्क्यांवर जी रक्कम कुठल्याही परवानगीशिवाय साठवली जाते, तिच्यावर कलम ११५बीबीआयखाली ३० टक्के सरसकट दराने कर लागू शकतो. इथे नेहमीची करमुक्त मर्यादा मिळत नाही. ८९,५०० वर २६,८५० कर आणि त्यावर ४ टक्के सेस, मिळून २७,९२४ रुपये. एवढ्या पैशांत या ट्रस्टच्या दोन-तीन मुलांची शिष्यवृत्ती झाली असती.

यावर कायद्यानेच वाट ठेवली आहे. फॉर्म १० भरून ट्रस्ट सांगू शकतो की ही रक्कम अमुक कामासाठी पुढच्या पाच वर्षांत वापरू. आधी ट्रस्टींची सभा घेऊन ठराव करायचा, आणि तो नेमका असला पाहिजे. ‘ट्रस्टच्या उद्देशांसाठी’ असा मोघम ठराव तपासणीत टिकत नाही. आपल्या ट्रस्टने लिहावं: ६०,००० दहावीच्या मोफत वर्गांसाठी, २९,५०० शिष्यवृत्त्यांसाठी, ३१ मार्च २०३१ पर्यंत. कायद्यात हा फॉर्म विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधी भरायला सांगितलं आहे. ऑडिट असलेल्या ट्रस्टचं विवरणपत्र ३१ ऑक्टोबरला, ऑडिट अहवाल ३० सप्टेंबरला, म्हणून फॉर्म १० साठी ३१ ऑगस्ट ही तारीख धरून चालावं. विवरणपत्रच उशिरा भरलं तर ही साठवणीची सवलतही जाते.

साठवलेल्या रकमेची वेगळी नोंदवही ठेवा: कुठल्या वर्षीचे, किती, कशासाठी, कधीपर्यंत, आतापर्यंत किती वापरले. कारण पाच वर्षांत वापर झाला नाही तर ती रक्कम त्या शेवटच्या वर्षाचं उत्पन्न ठरते आणि तोच ३० टक्क्यांचा दर लागतो. ती दुसऱ्या ट्रस्टला देऊनही सुटका नाही, साठवलेल्या पैशातून दिलेली देणगी वापर म्हणून धरत नाहीत. दर वर्षी फॉर्म १० भरत राहायचा आणि जुन्याचा हिशेब ठेवायचा नाही, असं करणारे ट्रस्ट सहाव्या वर्षी अडचणीत येतात.

कोणी विचारेल, गेल्या वर्षी आम्ही उत्पन्नापेक्षा जास्त खर्च केला, तो या वर्षी वळता करता येईल का? पूर्वी न्यायालयांच्या निकालांच्या आधारे येत असे. २०२१ च्या वित्त अधिनियमाने ती वाट बंद केली.

कायम निधीची ठेव कुठे ठेवायची?

प्राध्यापकांचे ५,००,००० कायम निधी म्हणून करमुक्त राहायला दुसरी अट आहे. ती रक्कम कलम ११(५) मध्ये सांगितलेल्या ठिकाणीच, आणि कायम निधीची म्हणून ओळखू येईल अशी, गुंतवायला हवी. छोट्या ट्रस्टला उपयोगी पडणारी ठिकाणं म्हणजे शेड्यूल्ड बँक, सहकारी बँक, टपाल खात्याची बचत योजना, सरकारी रोखे.

पतसंस्था आणि सहकारी बँक यांत मोठा फरक आहे आणि तो जाहिरातीत दिसत नाही. पतपेढी दीड-दोन टक्के जास्त व्याज देते, संचालक ओळखीचे असतात, आणि ‘ट्रस्टचा फायदाच होतोय’ या चांगल्या हेतूने ठेव तिथे जाते. पण बँकिंगचा व्यवसाय न करणारी पतसंस्था या यादीत बसत नाही. त्याचप्रमाणे ट्रस्टच्या पैशातून एखाद्या ट्रस्टीच्या फर्ममध्ये ठेव किंवा कोणाला हातउसने देणं हेही बसत नाही. ठेवीच्या पावतीवर संस्थेचं नाव वाचा. नावात ‘बँक’ नसेल तर ठेवण्याआधी सीएला विचारा.

ठेव करताना वेगळी पावती करून तिच्या पाठीवर किंवा गुंतवणूक नोंदवहीत ‘कायम निधी, देणगी पावती क्रमांक अमुक’ असं लिहून ठेवा. सगळे निधी एकाच मोठ्या ठेवीत मिसळले की कायम निधीची गुंतवणूक दाखवता येत नाही. पटकन पाहायचा पडताळा असा: ताळेबंदातला कायम निधी अधिक साठवलेली रक्कम अधिक न वापरलेले निर्देशित निधी, ही बेरीज बँक शिल्लक आणि ठेवींच्या बेरजेपेक्षा कमी किंवा बरोबर असली पाहिजे. साठवलेल्या रकमेत निर्देशित निधीचा भाग असेल, जसे आपले ६०,०००, तर तो दोनदा मोजू नका. बेरीज जास्त आली तर कोणत्या तरी निधीचा पैसा रोजच्या खर्चात गेला आहे, हे नक्की.

८०जी चं काय? देणगीदार तर तेच विचारतो

ट्रस्टला कलम १२एबी खाली मिळालेली नोंदणी ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नासाठी. ८०जी ची मान्यता देणगीदाराच्या वजावटीसाठी. दोन्ही वेगळ्या आहेत आणि दोन्हींची मुदत वेगळी तपासावी.

देणगीदाराला साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही त्याच्या उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत, आणि फक्त जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नवी करप्रणाली घेणाऱ्याला काहीच मिळत नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, वस्तूंच्या रूपातल्या देणगीलाही नाही. देणगीदाराला हे देणगी घेतानाच सांगावं. जुलैत विवरणपत्र भरताना त्याला कळलं तर त्याला वाटतं की ट्रस्टने फसवलं.

वजावट देणगीदाराच्या हातात पडायची तर ट्रस्टने ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी भरून सगळ्या देणगीदारांची यादी द्यावी लागते, मग पोर्टलवरून प्रत्येकाचं १०बीई प्रमाणपत्र काढून द्यायचं. नुसत्या छापील पावतीवर आता वजावट मिळत नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, वर दंडाची वेगळी तरतूद. या यादीत प्रत्येक देणगीसमोर प्रकार निवडायचा असतो: कायम निधी, विशिष्ट अनुदान की इतर. म्हणजे पावतीवरची ती खूण इथे सरकारदरबारी नोंदली जाते. पावतीत ‘सर्वसाधारण’, यादीत ‘कायम निधी’ आणि ताळेबंदात तिसरंच काही, अशी तफावत संगणकच शोधून काढतो.

दानपेटीत नाव नसलेले पैसे येतात. सेवाभावी ट्रस्टसाठी अशा निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातली जी रक्कम मोठी असेल, तिथपर्यंत नेहमीच्याच नियमांत राहतात. त्यावरच्या भागाला ३० टक्के. छोट्या ट्रस्टची पेटी सहसा या मर्यादेत असते. पेटी उघडताना दोन ट्रस्टींनी मोजून सही केलेला कागद ठेवला आणि रक्कम त्याच आठवड्यात बँकेत भरली, की पुरे.

ट्रस्टीच्या मुलीला शिष्यवृत्ती देता येते का?

मुलगी खरंच गरजू आणि हुशार असली तरी टाळावं. ट्रस्ट स्थापन करणारे, ट्रस्टी, त्यांचे नातेवाईक आणि मोठे देणगीदार यांना ट्रस्टच्या पैशाचा लाभ झाला तर तेवढ्या रकमेवर ३० टक्के कर आणि त्याशिवाय दंड लागू शकतो. मोठा देणगीदार म्हणजे कोण, याची मर्यादा २०२५ च्या वित्त अधिनियमाने वर्षाला १ लाख किंवा आजवर एकूण १० लाख यांपेक्षा जास्त अशी केली. ट्रस्टीने शिकवण्याचं किंवा हिशेबाचं खरं काम केलं तर वाजवी मोबदला देता येतो, पण ठराव आणि कामाचा पुरावा हवा.

नोंदणी आणि दोन कचेऱ्या

२०२१ मध्ये ज्या जुन्या ट्रस्टना नव्याने पाच वर्षांची नोंदणी मिळाली होती, त्यांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपली, आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी, ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. ज्यांनी केला नाही त्यांनी आज सीएकडे जावं, उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे पण कारण पटवून द्यावं लागतं. ज्यांनी केला, आणि सवलतीपूर्वीचं उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींच्या आत होतं, त्यांना आता पाचऐवजी दहा वर्षांची नोंदणी मिळते. आदेश नीट वाचून दोन्ही तारखा ट्रस्टच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.

आयकराचा हा कारभार झाला तरी वडोदऱ्यातल्या ट्रस्टला गुजरात सार्वजनिक ट्रस्ट अधिनियमाखाली चॅरिटी कमिशनरच्या कचेरीलाही ऑडिट केलेले हिशेब द्यावे लागतात. तिथला ताळेबंद आणि आयकराला दिलेला ताळेबंद एकच असायला हवा. ट्रस्टी बदलला, जागा घेतली किंवा विकली, तर तिथे बदलाची नोंद करावी लागते. ती राहिली तर बँक खात्यावरच्या सह्यांपासून अडचणी सुरू होतात.

कायम निधी मोडावाच लागला तर?

पावसाळ्यात छत गळलं, सर्वसाधारण निधीत पैसे नाहीत, आणि कायम निधीतून ८०,००० काढावे लागले, असं होऊ शकतं. देणगीदाराच्या पत्रात मुद्दल कायम राखायची अट असेल तर आधी त्याच्याशी किंवा त्याच्या वारसांशी बोलावं आणि ठराव करावा. हे ८०,००० त्या वर्षी ८५ टक्क्यांत मोजले जात नाहीत, कारण ज्या पैशावर कर लागलाच नव्हता तोच दुसऱ्यांदा सवलतीत धरला गेला असता. पण पुढे पाच वर्षांच्या आत त्या वर्षांच्या उत्पन्नातून ती रक्कम कायम निधीच्या ठेवीत परत भरली, तर ज्या वर्षी भरली त्या वर्षी ती खर्च म्हणून मोजली जाते. त्यासाठी मूळ खर्च चेकने किंवा ऑनलाइन झालेला असावा, टीडीएस लागत असेल तर कापलेला असावा, आणि तो खर्च आधी कुठल्याही वर्षात मोजलेला नसावा. म्हणून ८०,००० काढल्याच्या दिवशीच कायम निधीच्या नोंदवहीत ‘परत भरणे बाकी’ असं लिहून मुदतीची तारीख टाकावी, आणि छप्परवाल्याचं बिल त्याच पानाला टाचून ठेवावं.